दुधाच्या वहीतली रिकामी चौकट

पहाटे पाचला किटली घेऊन जिने चढणाऱ्या माणसाकडे लिहायला वेळ नसतो. स्कूटरच्या सीटवर वही टेकवून, जमेल तेवढ्या उजेडात तो खूण करतो आणि पुढच्या इमारतीत शिरतो. महिनाअखेरीस त्याच वहीतून सत्तर-ऐंशी घरांची बिलं निघायची असतात. हे काम बहुधा घरातल्या शिकत्या मुलाकडे किंवा मुलीकडे येतं. मोबाइलवर किंवा संगणकावर शीट उघडून ती वहीतले आकडे उतरवू लागतात आणि पहिल्याच पानावर अडतात. वहीतली ही चौकट रिकामी का आहे?

या एका प्रश्नावर सगळा हिशेब उभा आहे. काही दूधवाले रोज प्रत्येक घरापुढे लिटर लिहितात. त्यांच्या वहीत रिकामी चौकट म्हणजे दूध घातलं नाही, किंवा लिहायचं राहिलं. बाकीचे रतीब एकदा ठरला की फक्त फरक लिहितात, म्हणजे खाडा झाला तर खूण आणि जास्त दूध घेतलं तर आकडा. त्यांच्या वहीत रिकामी चौकट म्हणजे नेहमीप्रमाणे दूध पोचलं. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण उतरवणाऱ्याने एकीला दुसरी समजलं तर पूर्ण महिना दूध घेतलेल्या घराला शून्याचं बिल जाईल. म्हणून टाइप करायला बसण्याआधी ज्याने वही लिहिली त्यालाच विचारा. मुख्य माणूस आजारी असताना चार दिवस भाऊ लाइनवर गेला असेल, तर ते चार दिवस भावाच्या रीतीने लिहिलेले असतात. तेही विचारून घ्या.

शीटमध्ये मात्र रीत एकच ठेवायची: एकही चौकट रिकामी राहणार नाही. दूध घातलं तर लिटर, खाडा असेल तर 0. चौकट रिकामी दिसली की तिचा अर्थ एकच, माहिती अजून भरायची आहे. खाडा आणि विसर यांची गल्लत वहीत होते, ती शीटमध्ये उतरू द्यायची नाही.

मांडणी साधी आहे. पहिल्या ओळीत D पासून AH पर्यंत १ ते ३१ तारखा. दुसऱ्या ओळीत त्या त्या तारखेचा म्हशीच्या दुधाचा भाव, तिसरीत गाईच्या दुधाचा. चौथी ओळ मथळ्यांची, पाचवीपासून गिऱ्हाइकं. A मध्ये घराचा क्रमांक आणि नाव, B मध्ये म्हैस किंवा गाय, C मध्ये ठरलेला रतीब. एखादं घर दोन्ही दुधं घेत असेल तर त्याच्या दोन ओळी करा. एका चौकटीत दोन आकडे कोंबले की बेरीज होत नाही.

भाव प्रत्येक तारखेखाली वेगळा कशाला लिहायचा, असं वाटेल. त्याचं उत्तर एका घराच्या हिशेबातून मिळतं. समजा, ऑक्टोबरमध्ये या घरी म्हशीच्या दुधाचा रोज दीड लिटरचा रतीब आहे. पंधरा तारखेपर्यंत भाव लिटरला ७० रुपये होता, सोळापासून ७४ झाला. घरची मंडळी २० ते २३ गावी गेली, म्हणजे चार खाडे. पंचवीस तारखेला कोजागिरीच्या मसाला दुधासाठी त्यांनी एक लिटर जास्त घेतलं.

पहिल्या पंधरवड्यात पंधरा दिवस दीड लिटर, म्हणजे साडेबावीस लिटर. सत्तरच्या भावाने १,५७५ रुपये. पुढच्या सोळा दिवसांतले चार खाडे वजा केले तर बारा दिवस उरतात. त्यांचे अठरा लिटर आणि कोजागिरीचं एक, असं एकोणीस लिटर. चौऱ्याहत्तरच्या भावाने १,४०६ रुपये. महिन्याचं दूध साडेएकेचाळीस लिटर आणि रक्कम २,९८१ रुपये.

आता भाव एकाच चौकटीत ठेवला असता आणि सोळा तारखेला तिथे ७० चे ७४ केले असते, तर शीटने मागचे पंधरा दिवसही नव्या भावाने मोजले असते. बिल ३,०७१ झालं असतं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या माथी ९० रुपये जास्त. भाव बदलायचा राहिला असता तर बिल २,९०५ आलं असतं आणि दूधवाल्याचे ७६ रुपये बुडाले असते. सरासरी ७२ धरून काम भागवणारेही आहेत, पण खाडे कुठल्या पंधरवड्यात पडले यावर सरासरीची चूक कमी-जास्त होते. तारखेखाली भाव असला की ही भानगडच राहत नाही. भाव बदलला त्या तारखेपासून पुढे नवा आकडा भरायचा, मागच्या चौकटींना हात लावायचा नाही. पाचव्या ओळीतल्या या घराची रक्कम अशी निघते:

```
=IF(B5="म्हैस",SUMPRODUCT(D$2:AH$2,D5:AH5),SUMPRODUCT(D$3:AH$3,D5:AH5))
```

प्रत्येक दिवसाचं लिटर त्याच दिवसाच्या भावाने गुणून हे सूत्र सगळ्यांची बेरीज करतं. B मध्ये 'म्हैस' हा शब्द सगळीकडे एकसारखा लिहिलेला हवा. कुठे 'म्हशीचे' लिहिलं तर ते घर निमूटपणे गाईच्या भावात जाईल. त्यामुळे तिथे हाताने टाइप न करता निवडीची यादी लावून ठेवणं चांगलं. आमच्या घराच्या हिशेबात सूत्राचं उत्तर 2981 यायला हवं.

उतरवताना खरी अडचण अपूर्णांकांची येते. जुन्या वळणाचे दूधवाले अजूनही दीड लिटर १॥ असं लिहितात, सव्वा १। असं आणि पाऊण ०॥। असं. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ही खूण ज्याला ठाऊक नाही तो १॥ ला अकरा वाचतो किंवा रेघा सोडून नुसतं एक लिहितो. शीटमध्ये यांचे 1.5, 1.25 आणि 0.75 करायचे. टाइप करताना अंक इंग्रजी ठेवा. चौकटीत 'दीड', '1॥' किंवा '1.5 लि' असं काही गेलं तर शीट त्याला अक्षर समजते आणि वरचं सूत्र अक्षराला शून्य धरून पुढे जातं. चूक झाल्याचा इशाराही मिळत नाही. डोळ्यांना एक खूण दिसते: मांडणी बदललेली नसेल तर आकडा चौकटीत उजवीकडे सरकतो, अक्षर डावीकडे राहतं. पण ऐंशी ओळींत डोळ्यांवर भिस्त ठेवू नये. त्यासाठी प्रत्येक ओळीच्या शेवटी हे तीन रकाने ठेवा:

```
AI5:  =SUM(D5:AH5)
AJ5:  =COUNTIF(D5:AH5,0)
AK5:  =31-COUNT(D5:AH5)
```

पहिल्यात महिन्याचे लिटर, दुसऱ्यात खाडे. तिसरा बिलावर छापायचा नाही, तो राखणीचा आहे. `COUNT` फक्त आकडे मोजतं. त्यामुळे रिकामी राहिलेली किंवा अक्षर घुसलेली प्रत्येक चौकट इथे उघडी पडते. हा रकाना सगळ्या घरांसाठी शून्य दाखवत नाही तोवर एकही बिल पाठवू नये. तीस दिवसांच्या महिन्यात 31 च्या जागी 30 करा आणि शेवटचा रकाना रिकामा सोडा. `COUNTIF` रिकाम्या चौकटीला खाडा समजत नाही, फक्त टाइप केलेला 0 मोजतं. म्हणूनच शून्य लिहिण्याचा आग्रह.

फक्त फरक लिहिलेल्या वहीसाठी आधी पूर्ण ओळीत C मधला रतीब भरून घ्यावा आणि मग वही बघत खाडे व जास्तीचं दूध तेवढं बदलावं. त्यानंतर D5 पासून सगळ्या चौकटींना `=D5<>$C5` या अटीवर रंग द्या. ठरलेल्या रतीबापेक्षा वेगळी प्रत्येक चौकट रंगते. वहीतल्या खुणा आणि शीटमधल्या रंगीत चौकटी मोजल्या की एखादी सुटली असेल तर लगेच कळतं. आपल्या घराच्या ओळीत पाच चौकटी रंगतील, चार गावच्या आणि एक कोजागिरीची.

आतापर्यंतची तपासणी आडवी झाली. उभी तपासणी फार थोडे करतात, आणि माझ्या मते खरी चोख तीच आहे. प्रत्येक तारखेच्या रकान्याची बेरीज खाली घ्या आणि त्या दिवशी लाइनवर किती दूध निघालं, किती परत आलं याच्याशी ताडून बघा. समजा बारा तारखेला चाळीस लिटर निघालं, दीड परत आलं, म्हणजे घरोघर साडेअडतीस गेलं. शीटची बेरीज सदतीस येत असेल तर दीड लिटर कुठेतरी लिहायचं राहिलंय. दीड लिटरचा रतीब असलेली घरं त्या दिवसापुरती पाहिली की बहुतेक वेळा सापडतं. मापातली थोडी घट-वाढ रोजच होते, म्हणून पाव लिटरसाठी वही उलटसुलट करू नये. पण फरक नेमका कुणाच्या रतीबाएवढा असेल तर तो योगायोग नसतो.

नासलेलं दूध या हिशेबात थोडं आडवं येतं. गिऱ्हाईक म्हणतं, त्या दिवशीचे पैसे धरू नका, आणि ते रास्तच आहे. पण तिथे 0 लिहिला तर उभी बेरीज चुकते, कारण दूध किटलीतून गेलेलं असतं. शिवाय नसलेला खाडा बिलावर दिसतो. म्हणून लिटर तसेच ठेवून रक्कम सूट या वेगळ्या रकान्यात वजा करावी. AL मध्ये दुधाची रक्कम, AM मध्ये मागची बाकी, AN मध्ये जमा आणि AO मध्ये सूट असेल, तर एकूण देणं असं:

```
=ROUND(AL5+AM5-AN5-AO5,0)
```

रुपयात पूर्णांक फक्त इथे शेवटी करायचा. रोजचा हिशेब रोज पूर्णांकात आणला तर महिन्याला काही रुपयांचा फरक साचतो.

बिलावर नुसतं 'खाडे ४' लिहिलं की गिऱ्हाईक दिनदर्शिकेचं पान उलटून मोजायला लागतं. तिथे त्यांनी पाच खुणा केलेल्या असतात आणि दारातच वाद सुरू होतो. तारखा दिल्या तर वाद झालाच तरी एका तारखेवर येऊन थांबतो. त्या तारखा शीट स्वतः काढून देते:

```
=IFERROR(TEXTJOIN(", ",TRUE,FILTER(D$1:AH$1,(D5:AH5=0)*ISNUMBER(D5:AH5))),"नाही")
```

हे गूगल शीट्समध्ये आणि एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत चालतं. जुन्या एक्सेलमध्ये `FILTER` नाही, तिथे तारखा हाताने लिहाव्या लागतील. सूत्रातला `ISNUMBER` काढू नका. 'शून्याइतकं आहे का' असं विचारलं की शीट रिकाम्या चौकटीलाही हो म्हणते, आणि लिहायचा राहिलेला दिवस खाडा म्हणून छापला जातो.

आपल्या घराचं बिल मग असं होईल: म्हशीचं दूध ४१.५ लिटर, १ ते १५ भाव ७०, १६ ते ३१ भाव ७४, खाडे २०, २१, २२, २३, जास्तीचं २५ तारखेला १ लिटर, रक्कम २,९८१, मागची बाकी ४५०, एकूण ३,४३१ रुपये. पाठवण्याआधी अशी दोन-चार बिलं तोंडी ताडून बघावीत. एकतीस दिवसांचा दीड लिटरने साडेशेहेचाळीस, खाड्यांचे सहा वजा, जास्तीचं एक अधिक. साडेएकेचाळीस जुळलं की ओळ बरोबर आहे.

पुढचा महिना सुरू करताना या शीटची प्रत काढून तारखांच्या चौकटी, जमा आणि सूट पुसायची आणि देण्याचा रकाना मागच्या बाकीत न्यायचा. इथे गडबड होते ती ओळी हलल्यामुळे. मध्येच नवं घर घातलं किंवा एखादं बंद झालं आणि रकाना जसाच्या तसा चिकटवला, तर त्याखालच्या सगळ्यांची बाकी शेजाऱ्याच्या नावावर चढते. नाव बघून जुळवावं, तर एकाच इमारतीत दोन पाटील असतात. म्हणून घराला क्रमांक द्यायचा, तो वहीतही लिहायचा आणि बंद झालेल्या घराचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. बाकी आधी चिकटवावी, क्रमांक ओळीओळीने जुळलेत हे पाहावं, आणि नवी घरं त्यानंतर शेवटी जोडावीत.