साठ जणींवरून किती बोलावं?

प्रश्नावलीतल्या शब्दरचनेचा उरलेला भाग आज द्यायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सोलापूरहून आलेल्या एका पत्राला उत्तर देणं जास्त निकडीचं आहे. पत्र लिहिणारी विद्यार्थिनी समाजशास्त्रात एम.ए. करते आहे आणि लघुप्रबंध महिन्याभरात द्यायचा आहे. विषय आहे घरकाम करणाऱ्या महिलांचे खाडे. बाई एखाद्या दिवशी कामावर आली नाही तर त्या दिवसाचे पैसे कापले जातात का, आणि कापायचे की नाही हे ठरतं कसं? तिच्या मावशीकडे काम करणाऱ्या बाईंपासून तिने सुरुवात केली. त्यांनी चौघींची नावं सुचवली, त्या चौघींनी आणखी काहींची, आणि असं करत साठ मुलाखती झाल्या. आता ती विचारते, "सर, सत्तर टक्के महिलांचे खाडे कापले जात नाहीत, असं लिहू का? मार्गदर्शक म्हणतात, नमुना ३८४चा हवा. म्हणजे अजून ३२४ जणी शोधू का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे आणि दुसऱ्याचंही 'नाही' आहे. तिचे आकडे अजून प्रसिद्ध व्हायचे आहेत, म्हणून खाली मी हिशेबाला सोपे असे माझे आकडे घेतो.

आधी ३८४चं बघू. हा आकडा जवळपास प्रत्येक विद्यापीठातल्या प्रबंधांत भेटतो. तो येतो इथून: १.९६² × ०.५ × ०.५ ÷ ०.०५² = ३८४.१६. अर्थ असा की फार मोठ्या समूहातून चिठ्ठ्या टाकून ३८४ माणसं निवडली, तर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा आपली टक्केवारी खऱ्या टक्केवारीपासून पाच अंकांच्या आत राहील. या सूत्राचा सगळा भार 'चिठ्ठ्या टाकून' या अटीवर आहे. प्रत्येकीची निवड होण्याची शक्यता आपल्याला आधीपासून माहीत असेल, तरच चूक किती होईल याचा अंदाज असा सूत्राने बांधता येतो. ओळखीतून ओळख काढत गेलेल्या साखळीला ते सूत्र लावता येत नाही, मग साखळी साठची असो की ३८४ची.

चिठ्ठीचा आग्रह कशासाठी, हे शेतीच्या आकडेवारीत फार स्वच्छ दिसतं. पूर्वी पिकाचा उतारा डोळ्यांनी अंदाजून आणेवारी ठरायची. १९४०च्या दशकात वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणीच्या प्रयोगांना यादृच्छिक निवडीची शिस्त लावली. कोणतं शेत घ्यायचं आणि त्यात कापणीचा तुकडा नेमका कुठे आखायचा, हे यादृच्छिक आकड्यांवरून ठरवायचं. कारण माणसाला जागा निवडायला सांगितली की पाय आपोआप भरल्या पिकाकडे वळतात, आणि निवडणाऱ्याला त्याची जाणीवही नसते.

हीच शिस्त खाड्यांच्या अभ्यासाला लावायची तर काय करावं लागेल? समजा, एका वस्तीत ८०० घरं आहेत. गल्लीगल्लीतून फिरून दारांना क्रमांक द्यायचे. एक ते पाचच्या चिठ्ठ्या टाकायच्या. तीन निघाला तर तिसरं घर, मग आठवं, तेरावं, असं दर पाचवं घर घ्यायचं. अशी १६० घरं होतील. एखाद्या घरात दोघी घरकाम करत असतील तर दोघींनाही विचारायचं. समजा, शंभर जणी भेटल्या आणि ५८ जणींनी खाडे कापत नाहीत असं सांगितलं. आता अधिकाराने लिहिता येतं की या वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या महिलांपैकी साधारण ४८ ते ६८ टक्के जणींचे खाडे कापले जात नाहीत. हा पल्ला रुंद आहे, पण प्रामाणिक आहे.

मात्र यादृच्छिक निवडीलाही दोन कुंपणं असतात. पहिलं कुंपण यादीचं. ही यादी वस्तीतल्या घरांची आहे. मालकांच्याच घरी चोवीस तास राहून काम करणाऱ्या बायका तिच्यात नाहीतच. २००८च्या कायद्याने झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या नोंदींतून चिठ्ठ्या काढल्या, तर दावा नोंदणी झालेल्या महिलांपुरता राहील. दुसरं कुंपण बंद दाराचं. तेराव्या घराला कुलूप दिसलं की शेजारच्या चौदाव्यात जाण्याचा मोह होतो. तिथेच नमुना बिघडतो, कारण ते दार बहुधा त्या बाईकडे जास्त घरांची कामं आहेत म्हणून बंद असतं, आणि खाड्याचा प्रश्न नेमका तिच्याच बाबतीत वेगळा असू शकतो. तेराव्याच घरी संध्याकाळी जा, रविवारी जा. शेवटपर्यंत न भेटलेल्यांची संख्या प्रबंधात लिहा. ती मोठी असेल तर वरच्या ४८ ते ६८ वरचा विश्वासही तितका कमी धरावा लागेल.

या पत्रलेखिकेच्या एका मैत्रिणीने दुसरी वाट धरली आहे. ती सकाळी आठ वाजता एका सोसायटीच्या फाटकाशी उभी राहून येणाऱ्या बायकांना विचारते. वाटेत भेटेल तिला विचारलं म्हणून निवड यादृच्छिक होत नाही. हा सोयीचा नमुना. त्या वेळेला, त्या फाटकातून आत जाणाऱ्या आणि दोन मिनिटं थांबायची उसंत असलेल्याच बायका त्यात येतात. दुपारची कामं करणाऱ्या येत नाहीत. आज जिचा खाडा झाला आहे ती तर हमखास येत नाही, आणि अभ्यास खाड्यांचाच आहे! अशा चुकीला आकडा वाढवून आवर घालता येत नाही. त्याच फाटकाशी पाचशे जणींना विचारलं तर तीच तिरकी टक्केवारी जास्त ठामपणे समोर येईल, एवढंच.

मग सोयीचा नमुना टाकाऊ का? प्रश्नावली पारखायला तो उत्तम. सांगून घेतलेली सुट्टी काही जणी खाड्यात धरतात आणि काही धरत नाहीत, हे फाटकाशी दहा जणींशी बोलूनही कळतं. एकाच प्रश्नाची दोन रूपं कुणाला कुठलं द्यायचं हे चिठ्ठीने ठरवून विचारली, तर या बायकांच्या उत्तरांत शब्दांमुळे किती फरक पडला, हेही सांगता येतं. किती टक्के बायकांचे खाडे कापतात, हे मात्र त्यातून सांगता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे स्नोबॉलकडे वळतो. या पद्धतीची मला मनापासून कदर आहे. जिथे यादी नाही, जिथे अनोळखी माणसाला दार उघडत नाही, तिथे ओळखीचं बोट धरूनच पोचता येतं. वस्तीच्या यादीत नसलेली, चोवीस तास मालकांकडे राहणारी बाई इथे सापडू शकते. पण ओळखीचं बोट धरलं की जिच्या ओळखी जास्त, तिच्यापर्यंत पोचण्याच्या वाटाही जास्त. याचा टक्केवारीवर काय परिणाम होतो तो हिशेबाने पाहू.

समजा, गावातल्या निम्म्या घरकामगार भिशीत आहेत, एकमेकींना धरून आहेत. त्यांतली प्रत्येकजण दहा जणींना ओळखते. उरलेल्या निम्म्या एकट्या पडलेल्या. त्यांना दोघींचीच ओळख. भिशीतल्या ८० टक्के जणींचे खाडे कापले जात नाहीत, एकट्यांपैकी २० टक्के जणींचेच. म्हणजे गावाची खरी सरासरी ५० टक्के. साखळी ओळखींवरून सरकते, म्हणून भिशीतली बाई सापडण्याची शक्यता एकटीच्या पाचपट. साठांत पन्नास भिशीतल्या येतील, दहा एकट्या. पन्नासांतल्या ४० आणि दहांतल्या २, मिळून ४२. साठांत ४२ म्हणजे सत्तर टक्के! कुणी खोटं बोललं नाही, कुणी आळस केला नाही, तरी पन्नासाचे सत्तर झाले.

डग्लस हेकाथॉर्न या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९९७पासून यावर एक वाट विकसित केली. प्रत्येकाला मोजकीच कूपनं द्यायची, कुणी कुणाला आणलं याची नोंद ठेवायची आणि तुम्ही अशा किती जणांना ओळखता हे विचारायचं. मग जास्त ओळखींच्या माणसाचं वजन त्या प्रमाणात कमी करायचं. आपल्या उदाहरणात भिशीतलीला एक दशांश आणि एकटीला एक द्वितीयांश वजन द्या. पन्नास जणींचं वजन ५ होतं, दहा जणींचंही ५. ज्यांचे खाडे कापले जात नाहीत त्यांचं वजन ४ अधिक १, म्हणजे ५. दहात पाच, ५० टक्के. हिशेब जुळला, पण त्यासाठी साखळ्या लांब हव्यात, ओळखींचा आकडा खरा हवा आणि ओळखीतल्या कुणालाही पुढे पाठवण्याची शक्यता सारखी हवी. शिवाय एकट्या बायकांपर्यंत साखळी मुळात पोचायला हवी. जी नमुन्यात आलीच नाही तिला वजन देणार कसं? या नोंदी नसतील तर ही दुरुस्ती मागाहून करता येत नाही.

म्हणून पत्रलेखिकेने आधी एक काम करावं. मोठ्या कागदावर साठही जणींचं झाड काढावं: कुणी कुणाचं नाव सांगितलं. खाडे कापतात तिथे लाल ठिपका, नाही तिथे हिरवा. एक फांदी जवळपास पूर्ण हिरवी आणि दुसरी लाल निघाली, तर सत्तर टक्के ही सरासरी कुठल्याच फांदीची नाही. त्या दोन फांद्यांत वेगळं काय आहे, हाच तिचा निष्कर्ष. भिशीतल्या बायका आपसांत दर आणि सुट्ट्या ठरवून घेतात आणि कुणी पैसे कापले तर ते घर सगळ्या मिळून सोडतात, असं मुलाखतींत पुन्हा पुन्हा आलं असेल, तर ही यंत्रणा अस्तित्वात आहे आणि ती अशी चालते, हे ती ठामपणे लिहू शकते. ती शहरभर किती पसरली आहे, हे नाही.

तिने वाक्य असं लिहावं: 'एका वस्तीतून सुरू झालेल्या ओळखीच्या साखळीतून भेटलेल्या साठ महिलांपैकी इतक्या जणींनी खाडे कापले जात नसल्याचं सांगितलं.' पुढे 'सोलापुरातील' किंवा 'घरकामगारांपैकी' असं काही जोडू नये, अधिक-उणेचा पल्ला देऊ नये, आणि संगणकाने काढून दिली तरी सार्थकतेची चाचणी छापू नये. तिच्यामागेही तीच चिठ्ठीची अट आहे.

आणि त्या ३२४ जणी? उरलेल्या महिन्यात त्याच साखळीच्या मागे धावू नये. तीन नव्या सुरुवाती शोधाव्यात: एक दुसऱ्या वस्तीतली, एक चोवीस तास मालकांकडे राहणारी, एक कुठल्याच भिशीत किंवा संघटनेत नसलेली. प्रत्येक साखळीत पाच-सहा मुलाखती घ्याव्यात आणि प्रत्येकीला 'तुम्ही घरकाम करणाऱ्या किती जणींना नावाने ओळखता?' हा प्रश्न विचारावा. एवढ्या पंधरा-अठरा मुलाखती त्या ३२४पेक्षा जास्त शिकवतील.

पुढच्या आठवड्यात शब्दरचनेकडे परत येऊ. सुरुवात याच प्रश्नापासून करू: सांगून घेतलेली सुट्टी खाडा की नाही, हे प्रश्नातच कसं बसवायचं.