१ एप्रिलपासून म्हणजे नेमके कधीपासून?

मार्च संपत आला की अनेक कंपन्यांत एचआरचा मेल येतो: 'प्रवासखर्चाचे सुधारित धोरण १ एप्रिलपासून लागू होत आहे, सर्वांनी नोंद घ्यावी.' सोबत मर्यादांचा तक्ता असतो. वाचणारा आधी तक्त्यात आपला आकडा शोधतो, तो वाढलेला दिसला की समाधानाने मेल बंद करतो. खरी अडचण मात्र वरच्या एका ओळीत असते, आणि ती पहिला क्लेम अकाउंट्सच्या टेबलावर पोहोचल्यावर कळते.

समजा, चाकणच्या एका कारखान्यातला सर्व्हिस इंजिनिअर २९ मार्चला नागपूरला गेला. यंत्र दुरुस्त व्हायला वेळ लागला, चार रात्री मुक्काम पडला आणि २ एप्रिलला तो परत निघाला. खोलीचे भाडे रात्रीला २,७०० रुपये होते. हॉटेलची जुनी मर्यादा २,००० रुपये आणि नवी २,८०० रुपये. क्लेम त्याने ६ एप्रिलला भरला. आता त्याला किती पैसे मिळायला हवेत?

दौरा जुन्या धोरणात सुरू झाला म्हणून सगळा जुन्या दराने धरला, तर ८,००० रुपये. क्लेम एप्रिलमध्ये भरला म्हणून सगळा नव्या दराने धरला, तर १०,८००. रात्रीगणिक हिशेब केला, तर मार्चच्या तीन रात्रींचे ६,००० आणि १ एप्रिलच्या रात्रीचे २,७०० मिळून ८,७००. एकच बिल, एकच माणूस आणि तीन उत्तरे. तिन्ही उत्तरे त्या एका ओळीत बसतात, म्हणून वाद घालणारा इंजिनिअरही चूक नसतो आणि कात्री लावणारा अकाउंटंटही.

माझ्या मते यातला रात्रीगणिक हिशेबच न्याय्य आहे, कारण खर्च ज्या दिवशी झाला तो दिवस कुणाला पुढेमागे करता येत नाही. क्लेम भरण्याची तारीख धरली तर लोक मार्चची बिले एप्रिलपर्यंत खिशात ठेवतात. म्हणून परिपत्रकात एवढे तरी लिहावे: '३१ मार्चच्या रात्रीपर्यंतच्या मुक्कामाला जुनी मर्यादा आणि १ एप्रिलच्या रात्रीपासून नवी मर्यादा लागू राहील. तिकिटासाठी बुकिंगची नव्हे, तर प्रवासाची तारीख धरली जाईल.' दोन वाक्यांत महिनाभराचा पत्रव्यवहार वाचतो.

मर्यादेच्या आकड्यालाही अशीच एक पुरवणी लागते. २,७०० रुपयांच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी म्हणजे १३५ रुपये. बिल झाले २,८३५. मर्यादा करासह असेल तर ३५ रुपये इंजिनिअरच्या खिशातून जाणार, कर वगळून असेल तर पूर्ण रक्कम मिळणार. रक्कम लहान आहे, पण महिन्यातले पंधरा दिवस बाहेर काढणाऱ्या माणसाला ती दर मुक्कामाला सोसावी लागते. 'कर वगळून' हे शब्द आकड्याच्या शेजारीच छापलेले हवेत, तळटीपेत नव्हेत.

शहरांच्या वर्गवारीतही तीच गत. काम बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत आणि मुक्काम नागपुरात असेल, तर दर कोणत्या गावाचा? भाडे मुक्कामाच्या गावात द्यावे लागते, म्हणून दरही तिथलाच हवा. तक्त्यात हे लिहिले नाही, तर एक मॅनेजर हो म्हणतो आणि दुसरा नाही.

कर्मचाऱ्यांच्या बाजूने होणारा मोठा गैरसमज जेवणखर्चाचा. 'दिवसाला ६०० रुपयांपर्यंत' असे लिहिले असेल आणि बिले ४१० रुपयांची असतील, तर ४१०च मिळतात. तो प्रत्यक्ष खर्च आहे आणि त्याला बिले लागतात. 'दिवसाला ६०० रुपये दैनिक भत्ता' असे असेल तर बिलांशिवाय ठरलेली रक्कम मिळते. जुन्या धोरणात भत्ता होता आणि नव्यात प्रत्यक्ष खर्च आला, तर आकडा वाढूनही हातात पडणारे पैसे कमी होऊ शकतात. हा बदल तक्त्यात लपवू नये, मेलच्या सुरुवातीलाच सांगावा.

आता बिलाकडे वळू. हॉटेलचे बिल कंपनीच्या नावाने आणि कंपनीच्या जीएसटी क्रमांकासह घ्या, असे बहुतेक धोरणे सांगतात. का ते क्वचितच सांगतात. बिलावर तो क्रमांक असला तरच भरलेल्या कराची वजावट कंपनीला मागता येते. हॉटेलच्या बाबतीत कर हॉटेल जिथे आहे त्या राज्याचा धरला जातो. म्हणून फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला नागपूरच्या बिलावरची वजावट मिळू शकते, पण इंदूरच्या किंवा मडगावच्या नाही. नागपूरच्या बिलावर क्रमांक नसेल तर कंपनीचे नुकसान खरे आहे. पण मडगावच्या बिलावर तो नाही म्हणून क्लेम परत पाठवणे निरर्थक आहे, कारण तिथे गमावण्यासारखे काही नव्हतेच. नियमामागचे कारण छापले की अकाउंट्सलाही तो कुठे ताणायचा नाही हे कळते.

यूपीआयच्या स्क्रीनशॉटवरून पैसे कुणाला गेले हे दिसते, कशासाठी गेले हे दिसत नाही. त्यामुळे तो बिलाची जागा घेऊ शकत नाही, पण बिलासोबत जोडला तर पैसे भरल्याचा पुरावा होतो. पेट्रोल पंपावरची किंवा टोलची पावती थर्मल कागदावर छापलेली असते. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ती काही आठवड्यांत कोरी होते. फोटो त्याच दिवशी काढावा, आणि धोरणाने तो फोटो मूळ पावतीइतकाच ग्राह्य मानावा. रिक्षासारख्या बिल न मिळणाऱ्या खर्चासाठी एक लहान रक्कम ठरवून, तारीख, कुठून कुठे आणि कारण लिहिलेल्या सहीच्या कागदावर ती मंजूर करावी. नाहीतर प्रामाणिक माणूस पैसे सोडून देतो आणि बाकीचे खोट्या पावत्या शोधतात.

क्लेम भरण्याची मुदत प्रत्येक परिपत्रकात असते: दौऱ्यानंतर दहा दिवस, पंधरा दिवस. पैसे कधी मिळणार हे मात्र अनेकांत नसते. हे मला पटत नाही. उचल न घेता गेलेल्या कर्मचाऱ्याने आपल्या पगारातून कंपनीचा खर्च भागवलेला असतो, कित्येकदा क्रेडिट कार्डावर. कार्डाची तारीख कुणासाठी थांबत नाही. तेव्हा कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची मुदत असेल, तर साहेबांच्या मंजुरीला आणि बँकेत पैसे जमा व्हायलाही लेखी मुदत हवी. साहेब रजेवर असतील तर मंजुरी कोण देणार, त्यांचे पदही लिहिलेले हवे.

शेवटी, घोषणा कधी करायची याबद्दल. कामगारांच्या भत्त्यांत त्यांना तोट्याचा बदल करायचा असेल, तर २१ दिवसांच्या पूर्वसूचनेची तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. ज्यांना ती लागू होत नाही, त्यांचीही तिकिटे आणि खोल्या आधीच बुक झालेल्या असतात. ३० मार्चला मेल पाठवून १ एप्रिलपासून मर्यादा कमी करणे कुणाच्याच बाबतीत योग्य नाही. एचआरमध्ये हे धोरण लिहिणाऱ्यांना विनंती आहे की, मेल पाठवण्याआधी वरच्यासारखा दोन महिन्यांत विभागलेला एक दौरा घेऊन त्याचा क्लेम स्वतः भरून पाहा आणि तो भरलेला नमुना परिपत्रकाला जोडा.