माहितीचा अर्ज आणि 'का?'

नागरिकाने इंग्रजीत केलेले टिपण जसेच्या तसे मराठीत उतरवले म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज सिद्ध झाला, हा समज इतका रूढ आहे की सुशिक्षित मंडळीही त्याला सहज बळी पडतात. समजा, एखाद्या गृहस्थाने टिपून ठेवले आहे, की आमच्या गल्लीतला रस्ता एका पावसाळ्यातच उखडला, तो असा का झाला, जबाबदार कोण, पैसे कोणी खाल्ले, सगळी कागदपत्रे द्या. या मजकुरातील संताप रास्त असला आणि मजकुराचे भाषांतर कितीही शुद्ध केले, तरी तो अर्ज नव्हे, तक्रार होय. कारण २००५ च्या अधिनियमातील 'माहिती' म्हणजे कार्यालयाच्या दफ्तरी अभिलेख, कागदपत्रे, आदेश, अहवाल अशा स्वरूपात असलेला मजकूर, अधिकाऱ्याने नव्याने रचून द्यावयाची कैफियत नव्हे. 'का' या प्रश्नाचे उत्तर मागणे म्हणजे कृतीचे समर्थन मागणे होय आणि ते या व्याख्येत बसत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच दिलेला आहे.

म्हणून प्रत्येक प्रश्नामागचा कागद शोधावा. रस्ता का उखडला, याचा माग गुणवत्ता चाचणीच्या अहवालात लागतो. जबाबदार कोण, याचा कार्यादेशात आणि देयकावरील स्वाक्षऱ्यांत. पैशांचा हिशेब मोजमाप पुस्तिकेत. मग तपशिलाच्या रकान्यात इतकेच लिहावे: 'मौजे अमुक येथील अमुक रस्त्याच्या डांबरीकरणाच्या कामाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पृष्ठे, गुणवत्ता चाचणी अहवाल व अदा केलेली देयके यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात.' 'सगळी कागदपत्रे' या शब्दांऐवजी कालावधी, उदाहरणार्थ '१ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४', त्याच्या स्वतंत्र रकान्यात घालावा. मोघम मागणी नाकारण्यास निमित्त मिळते ते येथेच.

अर्जात माहिती मागण्याचे कारण द्यावे लागते, हा दुसरा भ्रम. कलम ६(२) ने ती सक्ती स्पष्टपणे नाकारली आहे. तेव्हा 'सामाजिक कार्यासाठी' वगैरे प्रस्तावना निरर्थक, आणि 'मेहेरबानी करून' ही आर्जवे तर त्याहून. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयापुरता आणि सामान्यतः १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे अशा शोभेच्या शब्दांना जागाही नाही. रस्त्याबरोबर गटाराचीही माहिती हवी असल्यास दुसरा अर्ज आणि दुसरे दहा रुपयांचे शुल्क.

राहता राहिले कार्यालय चुकण्याचे भय. रस्ता नगरपालिकेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे ठाऊक नसल्यास अर्ज फुकट जात नाही; तो योग्य प्राधिकरणाकडे पाच दिवसांच्या आत हस्तांतरित करून अर्जदारास कळवणे, हे कलम ६(३) प्रमाणे त्या कार्यालयाचेच काम आहे.