पंप वाजतोय, पण दाब आहे का?

चावी फिरवल्यावर टाकीच्या पोटातून दोन-तीन सेकंद 'ऊंऽऽ' असा बारीक आवाज येतो आणि थांबतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, बहुतेक मोटरसायकलींचा कार्बोरेटर गेला आणि हा आवाज घरोघरी पोचला. तो आवाज म्हणजे टाकीत, पेट्रोलमध्ये बुडून बसलेला विजेवरचा फ्युएल पंप. गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली की पहिला आळ त्याच्यावर येतो. आवाज बदलला म्हणजे पंप गेला आणि आवाज आहे म्हणजे पंप चांगला, ही दोन्ही अनुमानं मी स्वतः केली होती. दोन्ही चुकली.

माझी गाडी २०० सीसीची, पाच वर्षांची. पावसाळा संपता संपता तिच्या दोन तक्रारी सुरू झाल्या. सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरायचं, पेटायचं नाही. आणि पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर, पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की गाडी झटके द्यायची, दम सोडायची. मूठ थोडी सैल केली की पुन्हा नीट. गावात, सिग्नलला, आयडलला मात्र काही तक्रार नव्हती. चावी फिरवल्यावरचा आवाजही बदलला होता. तो आधीपेक्षा जाड आणि ओढल्यासारखा झाला होता. इंजिनचा दिवा मात्र एकदाही लागला नाही.

हा दिवा का लागत नाही, ते समजलं की अर्धा उलगडा होतो. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत पंपाने तयार करायचा दाब साधारण ३ बार असतो. टायरमध्ये आपण २५ ते ३३ हवा भरतो, त्याच मापात तो सुमारे ४३ होतो. पंपाशेजारीच बसवलेला रेग्युलेटर हा दाब धरून ठेवतो आणि जास्तीचं पेट्रोल टाकीतच परत सोडतो. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी बारीक तोटी. गाडीचा कंट्रोलर, म्हणजे ईसीयू, हिशेब करतो तो ही तोटी किती हजारांश सेकंद उघडी ठेवायची याचा. मागे दाब ३ बारच आहे असं तो गृहीत धरतो, कारण बहुतेक छोट्या गाड्यांत दाब मोजणारा सेन्सरच नसतो. दाब २ बारवर आला तर तेवढ्याच वेळात सुमारे १८ टक्के कमी पेट्रोल पडतं. आयडलला आणि संथ चालीत सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर ही कमतरता ओळखून थोडीफार भरून काढतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर ईसीयू सहसा त्याचं ऐकत नाही, ठरलेल्या कोष्टकावर चालतो. म्हणून चूक घाटात उघडी पडते.

दुसरं कारण निव्वळ मापाचं आहे. असं इंजिन आयडलला मिनिटाला चार-पाच मिलिलिटर पेट्रोल पितं. पूर्ण जोरात चढताना तेच शंभर मिलिलिटरच्या आसपास जातं. अर्धा दमलेला पंपही चार-पाच मिलिलिटर सहज देतो, त्यामुळे गॅरेजच्या दारात उभी असताना गाडी निरोगीच दिसते.

गल्लीतल्या मेकॅनिककाकांनी आवाज ऐकला आणि म्हणाले, "पंप गेलाय, पूर्ण मॉड्यूल टाकावं लागेल." मॉड्यूल म्हणजे पंप, गाळणी, रेग्युलेटर आणि पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगता दांडा, सगळं एकत्र. काही हजारांचा खर्च. मी होकार देणार होतो, तेवढ्यात शेजारच्या दुकानातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने विचारलं, "काका, पंपाला करंट किती पोचतोय ते बघितलं का?"

त्याने आधी एक साधी गोष्ट केली, जी कुणीही घरी करू शकतो. सेल्फ न मारता चावी तीन वेळा ऑन-ऑफ केली. प्रत्येक वेळी पंपाचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग सेल्फ मारला. गाडी लगेच पेटली. दर वेळी पंप दोन-तीन सेकंदच चालतो. एका खेपेत जो दाब तयार होत नव्हता तो तीन खेपांत झाला. म्हणजे सकाळचा त्रास प्लगचा किंवा इंजेक्टरचा असण्यापेक्षा दाबाचा असण्याची शक्यता मोठी. आवाज मुळीच आला नसता तर आधी किल स्विच, फ्यूज, रिले आणि गाडी पडल्यावर पंप बंद करणारा सेन्सर पाहावा लागला असता.

मग त्याने मल्टिमीटर काढला. मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट इथे आहे. पंपाचं कप्लर काढून वायरीच्या टोकांवर मीटर लावला, तर बॅटरीइतके १२.३ व्होल्ट दिसले. मेकॅनिककाका म्हणाले, "बघ, करंट आहे." पण कप्लर काढल्यावर वायरीतून प्रवाहच जात नाही, आणि प्रवाह नसताना गंजलेला जोडसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवतो. नळाची तोटी बंद असताना चोंदलेल्या पाइपातही दाब पूर्ण असतो, तसंच हे. त्याने कप्लर परत जोडलं, मागच्या बाजूने बारीक पिना सरकवल्या, पंप चालू ठेवला आणि पुन्हा मोजलं. आता मीटरवर १०.४ होते.

म्हणजे वाटेत १.९ व्होल्ट हरवत होते. कुठे, ते शोधायला मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी पंपाच्या प्लसला लावली, तेव्हा ०.३ निघाले. रिले, फ्यूज आणि दोन-तीन कप्लर ओलांडताना एवढं चालतं. मग पंपाच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं, तर १.६. दोष अर्थच्या वायरीत होता. सीटखाली चॅसीला जिथे ती बोल्टने बांधली होती, तिथे पावसाच्या पाण्याने हिरवट बुरशीसारखा गंज धरला होता. बोल्ट सोडून पॉलिश पेपरने घासला, पुन्हा आवळला. अर्थवरचा तोटा ०.१ वर आला आणि पंपाला ११.९ व्होल्ट मिळू लागले. तो जाड, ओढलेला आवाज तिथेच पातळ आणि खणखणीत झाला. कमी व्होल्टवर मोटर हळू फिरते, म्हणून आवाज जाड होतो. पंप अडकला असेल तरीही असाच घुमणारा आवाज येतो. फरक कळतो तो मीटरवर, कारण अडकलेला पंप पूर्ण व्होल्ट मिळूनही घुमतो आणि नेहमीपेक्षा जास्त करंट ओढतो.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा त्रास संपला. आठवड्याने घाटात गाडीने पुन्हा दम सोडला.

आता दाब मोजल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. ही तपासणी घरी करू नये. पाइपात ३ बारने पेट्रोल भरलेलं असतं आणि गरम इंजिनवर त्याचा फवारा उडाला तर आग लागते. इलेक्ट्रिशियनने थंड गाडी उघड्यावर घेतली, पंपाचं कप्लर काढलं आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे पाइपातला दाब उतरतो. मग जोडावर फडकं धरून पाइप काढला आणि मध्ये टी-जोड घालून गेज बसवलं.

चावी ऑन केल्यावर काटा ३ च्या जवळ गेला, पण रेंगाळत गेला. इंजिन सुरू केल्यावर तो एका जागी थांबेना, थरथरत होता. चावी बंद केल्यावर मात्र काटा बराच वेळ जागेवर राहिला. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. बंद केल्याबरोबर काटा कोसळला असता तर पंपातली एकमार्गी झडप, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर यांवर संशय गेला असता. ती मंडळी सुटली.

नुसता दाब पाहून भागत नाही. इंजेक्टर बंद असताना दमलेला पंपही हळूहळू ३ बार गाठू शकतो, कारण पेट्रोल कुठे जातच नसतं. म्हणून किती पेट्रोल येतं तेही मोजायचं. पाइपाचं टोक मापाच्या बाटलीत सोडलं आणि टाकीपासून लांब असलेल्या रिलेच्या जागी वायर जोडून पंप मोजून दहा सेकंद चालवला. हा आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. माझ्या बाटलीत त्या किमान आकड्याच्या निम्म्याहून थोडं जास्त पेट्रोल जमलं, आणि धार सलग नव्हती, बुडबुडे घेऊन उचक्या देत येत होती. पंपाचा आवाज आता उलट बारीक, किंचाळल्यासारखा झाला होता.

पंपाला पूर्ण वीज मिळत असताना धार बुडबुड्यांची आणि आवाज किरटा असेल, तर पंप ढकलण्यात कमी पडत नाही, त्याला ओढायलाच पेट्रोल मिळत नाही. टाकीत पेट्रोल तळाला गेलं असेल तरीही असंच होतं, म्हणून आम्ही टाकी अर्धी भरून पुन्हा पाहिलं. मग टाकीचं झाकण उघडं ठेवून पाहिलं, कारण झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं तर टाकीत पोकळी होऊन पेट्रोल अडतं. दोन्ही वेळा फरक पडला नाही. उरली ती पंपाच्या तोंडाची गाळणी.

मॉड्यूल बाहेर काढल्यावर ती दिसली. मूळची पांढरी जाळी विटकरी झाली होती आणि बोटाने दाबली तर चिखलासारखा बारीक थर निघत होता. पंप स्वतः धडधाकट होता. नवी गाळणी घालून तीच दहा सेकंदांची मोजणी केली, तेव्हा पेट्रोल किमान आकड्याच्या वर गेलं आणि धार सलग आली. या मोजणीतही धार कमीच राहिली असती, तर मात्र पंप झिजला असं म्हणता आलं असतं आणि मी पैसे मोजले असते. मॉड्यूल परत बसवताना काकांनी रबरी रिंग नवीन घातली. जुनी एकदा दबून आकार धरून बसलेली असते आणि तिथून पेट्रोल पाझरतं.

तो विटकरी थर गंजाचा होता, म्हणजे टाकीत पाणी जात होतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी सामावून घेतं, पण पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं. पंपही तळातूनच ओढतो. टाकी न धुता नुसती गाळणी बदलली असती तर दोन महिन्यांत पुन्हा इथेच यावं लागलं असतं, म्हणून टाकी उतरवून रिकामी केली, धुतली आणि वाळवली.

पाणी येत कुठून होतं? टाकीच्या तोंडाभोवती एक खळगा असतो. त्यात साचणारं पावसाचं पाणी खाली सोडणारं एक बारीक भोक असतं आणि त्याची नळी इंजिनमागे उतरते. ते भोक धुळीने आणि वाळलेल्या शेवाळाने बुजलं होतं. पाऊस पडला की खळगा भरायचा, आणि पेट्रोल भरायला झाकण उघडलं की ते पाणी थेट टाकीत जायचं. काकांनी क्लचची जुनी तार भोकातून सरकवली आणि हवेचा फवारा मारला. खाली नळीतून काळं पाणी आणि चिखलाची एक गोळी जमिनीवर पडली.