भिशीचा मेसेज: गोड बोला, पण तारीख पक्की ठेवा



आपल्या पेडण्याच्या बाजूला मासळी विकणाऱ्या, रापणीला जाणाऱ्या आणि होडी चालवणाऱ्या घरांमध्ये भिशी नाही असे घर विरळाच. भिशी चालवणारी बाई बहुतेक वेळा आपल्याच वाड्यावरची असते. दर महिन्याला पैशांची आठवण करून देणे हे तिचे सगळ्यात नावडते काम. कडक लिहिले तर उद्या विहिरीवर तोंड वाकडे होते, आणि नरम लिहिले तर पैसे १५ तारखेला येतात. म्हणून आज फक्त त्या एका मेसेजबद्दल लिहितो.

उदाहरणासाठी एक भिशी धरूया. १५ जणी, प्रत्येकी महिन्याला २००० रुपये, म्हणजे उचल ३०,००० रुपयांची. तारीख १० ठरलेली. पुढच्या महिन्याची चिठ्ठी आधीच्या महिन्यात काढून ठेवतात, त्यामुळे यावेळी पैसे कोणाला जाणार ते सगळ्यांना ठाऊक असते. एप्रिल महिना आहे आणि नंबर मांद्र्याच्या एका वहिनींचा. त्यांना होडीच्या इंजिनाच्या दुरुस्तीचे पैसे ११ तारखेला सकाळी मेकॅनिकला द्यायचे आहेत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी, म्हणजे हाताशी राहिलेत हे दोनच महिने. इंजिन आठवडाभर उशिरा सुरू झाले तर तेवढ्या दिवसांची मासळी गेली.

आता ग्रुपवर जाणारा नेहमीचा मेसेज बघा:

«सर्वांना नम्र विनंती आहे की भिशीचे पैसे शक्यतो लवकरात लवकर भरावेत. १० तारखेच्या आत भरल्यास बरे होईल. कृपया सहकार्य करावे 🙏🙏🙏»

वाचायला चांगला वाटतो. पण तिघींनी १४ तारखेला पैसे दिले तर १० तारखेला हातात येतात २४,००० रुपये. उरलेले ६००० भिशी चालवणारीने स्वतःच्या पदरचे घालायचे, नाहीतर वहिनींनी थांबायचे. आणि त्या तिघींनी काही चुकीचे केले असेही म्हणता येत नाही, कारण मेसेजनेच त्यांना वाट मोकळी ठेवली होती.

पहिली मोकळी वाट आहे «शक्यतो» आणि «लवकरात लवकर» ह्या शब्दांत. ज्याच्या त्याच्या सोयीने त्यांचा अर्थ होतो. दुसरी वाट आहे «१० तारखेच्या आत» ह्यात. कोणी ९ तारीख धरते, कोणी १० ची रात्र, आणि कोणी म्हणते की १० ला रात्री बारापर्यंत वेळ आहे. तारखेबरोबर वेळ लिहिली की हा वाद संपतो: «१० तारखेला रात्री ८ पर्यंत». वारही लिहा. मासळीवाल्या बाईला तारखेपेक्षा वार लवकर आठवतो. १० तारीख शुक्रवारी आली तर तो म्हापशाचा बाजार. ती दिवसभर बाजारात असणार, फोन टोपलीच्या तळाशी असणार. तेव्हा संध्याकाळी ५ ची वेळ देऊन काय उपयोग? रात्री ८ ची द्या, आणि बाजारवाल्यांना गुरुवारीच भरायला सुचवा.

तिसरी गोष्ट क्रियापदाची. «भरा» म्हटले की हुकूम वाटतो. «भरावेत ही विनंती» म्हटले की न भरण्याची मुभा वाटते. ह्या दोघांच्या मधला एक सरळ शब्द मराठीत आहे: «भरायचे आहेत». त्यात मेसेज लिहिणारी हुकूमही सोडत नाही आणि हातही जोडत नाही. सगळ्यांनी मिळून जे ठरवले तेच ती सांगते. अर्थात, हे आधी खरेच ठरलेले असायला हवे. तारीख, वेळ आणि उशीर झाला तर काय, ह्या तीन गोष्टी भिशी सुरू होताना सगळ्यांसमोर बोलून वहीत लिहून ठेवा. न ठरलेला नियम मेसेजमध्ये पहिल्यांदा दिसला की भांडण लागते.

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: नेहमीच्या मेसेजमध्ये वहिनी कुठेच नाहीत. «भिशीचे पैसे» म्हटले की ते कोणाचेच नसतात. «ह्या वेळची भिशी वहिनींची, त्यांना ११ ला सकाळी द्यायचे आहेत» म्हटले की उशीर कोणाला भोवणार ते दिसते. आवाज न चढवता तारखेला वजन येते. मात्र पैसे कशासाठी हवेत हे वहिनींना विचारल्याशिवाय ग्रुपवर लिहू नका. कोणाला इंजिन सांगायला हरकत नसते, कोणाला घरातले आजारपण सांगायचे नसते. नाव आणि द्यायचा दिवस एवढे पुरते.

आता नवा मेसेज:

«नमस्कार मंडळी 🙏
एप्रिलची भिशी, प्रत्येकी २००० रुपये.
शुक्रवार १० तारखेला रात्री ८ पर्यंत भरायचे आहेत.
ह्या वेळची भिशी मांद्र्याच्या वहिनींची. त्यांना शनिवारी सकाळी पूर्ण ३०,००० द्यायचे आहेत.
शुक्रवारी म्हापशाचा बाजार, तेव्हा बाजाराला जाणाऱ्यांनी गुरुवारीच भरलेले बरे.
कोणाला अडचण असेल तर बुधवार ८ तारखेपर्यंत मला फोन करा, मार्ग काढूया.
रोख किंवा गुगल पे, दोन्ही चालेल. पैसे आले की मी ‹मिळाले› म्हणून कळवते.»

ह्यात आपुलकी कुठे आहे? हात जोडण्याच्या चित्रात फारशी नाही. ती आहे बाजाराची आठवण ठेवण्यात आणि ८ तारखेच्या ओळीत. आपल्या धंद्यात वारा सुटला की चार दिवस होडी किनाऱ्यावर राहते, रापणीला जाळे रिकामे येते. अडचण खरी असते. पण ८ ला कळले तर दोन दिवस हातात असतात: एखादी जास्त पैसे असलेली बाई तात्पुरते घालू शकते, नाहीतर वहिनींना आधी कळवून मेकॅनिकशी बोलता येते. १० ला रात्री नऊ वाजता कळले तर काहीच करता येत नाही. म्हणून सवलत द्यायची ती तारखेच्या आधी. तारीख उलटल्यावर सवलत दिली की पुढच्या महिन्यापासून तीच तारीख होऊन बसते.

हा मेसेज ५ तारखेच्या संध्याकाळी टाका. होडीवर असलेल्यांना रेंज नसते, ते परत आल्यावर वाचतील. ९ तारखेला दुसरा मेसेज एका ओळीचा: «उद्या रात्री ८ पर्यंत. १५ पैकी ९ जणींचे आले, देव बरे करू.» आकडा लिहा, नावे लिहू नका. भरलेल्यांची यादी टाकली की न भरलेल्यांची आपोआप होते, आणि चारचौघांत लाजलेली बाई पैसे देईल पण पुढच्या भिशीत राहणार नाही.

१० ला ८ वाजून गेले की ग्रुपवर काही लिहायचे नाही. जिचे राहिले तिला एकटीला फोन, आणि वयामानाप्रमाणे हाक: «काकी, तुमचे २००० अजून यायचे आहेत. उद्या सकाळी ९ ला मी पैसे द्यायला निघते. आज रात्री पाठवता की सकाळी मी घरी येऊ?» दोन्ही पर्यायांत पैसे येतातच. «कधी देता?» असे विचारले तर उत्तर «बघते» असेच मिळणार.

ज्या काकींना वाचायला जमत नाही त्यांच्यासाठी हाच मजकूर बोलून पाठवा. छोटाच ठेवा, आणि तारीख-वेळ शेवटी पुन्हा एकदा म्हणा, कारण बोललेल्यातले शेवटचेच लक्षात राहते.

दंडाचे काय, हे बरेच जण विचारतात. उशिराला ५० रुपये ठरवले असतील तर ते वहीत असू देत, पण मेसेजच्या तोंडावर नको. इस्रायलमधील हैफा शहरातल्या १० पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना त्यातल्या ६ पाळणाघरांनी दंड लावला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढून जवळजवळ दुप्पट झाले, आणि दंड काढल्यावरही पूर्वीसारखे कमी झाले नाहीत. आधी लोकांना उशीर करताना संकोच वाटायचा, आता ते म्हणाले, पैसे दिले की झाले. ५० रुपयांचेही तसेच होते. मेसेज दंडापासून सुरू झाला तर बाई मनात म्हणते, चार दिवसांचे ५० रुपये, परवडते. वहिनींच्या नावापासून सुरू झाला तर तसा हिशेब तिला करवत नाही.

ह्या मेसेजची एक मर्यादाही सांगतो. आपली उचल घेऊन झाल्यावर जी बाई हळूहळू मागे सरते, तिच्यावर ग्रुपवरचा कुठलाच मेसेज चालत नाही. दोन महिने सलग उशीर झाला आणि फोनही उचलत नाही असे दिसले, तर तो आठवणीचा प्रश्न राहिला नाही. तिच्या घरी दोघींनी मिळून जायचे आणि उरलेले हप्ते कसे देणार ते तारखांसह लिहून घ्यायचे. त्यासाठी सगळ्या ग्रुपचा मेसेज कडक करू नका, नाहीतर वेळेवर भरणाऱ्या तेराजणींना विनाकारण बोलणे बसते.

आणि जून-जुलैचे आधीच ठरवा. बंदीत हप्ता तोच ठेवायचा, अर्धा करायचा की दोन महिने भिशी थांबवायची, हे मे महिन्याच्या मेसेजमध्ये एका ओळीत गेले पाहिजे. जूनच्या ९ तारखेला तो विषय निघाला तर १० तारीख गेलीच म्हणून समजा.

वरचा मेसेज उतरवून घ्या. नाव, वार, तारीख आणि रक्कम बदलली की तुमच्या भिशीलाही चालेल.