लाइव्ह संपलं आणि चॅट गायब? चॅट बंद होतं की फक्त दिसत नाही, असं तपासा

गेल्या दिवाळीच्या आधी मी गुलमंडीच्या दुकानातून यूट्यूबवर साड्यांचं लाइव्ह केलं. ताई लोक चॅटमध्ये "७ नंबर बुक करा" असं लिहीत होत्या. म्हटलं, रात्री रिप्ले बघून ऑर्डर उतरवू. रात्री उघडलं तर व्हिडिओ आहे, पण चॅट नाही. मला वाटलं, चॅट चुकून बंदच राहिलं. पण तसं नव्हतं. लाइव्ह चालू असताना मेसेज दिसले होते, म्हणजे चॅट सुरूच होतं.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: लाइव्हच्या वेळी एक तरी मेसेज आला होता का? नसेल, तर चॅट तेव्हाच बंद असणार. अशा वेळी चॅटच्या जागी बहुतेक "Chat is disabled for this live stream" असं दिसतं. तेव्हा मेसेज लिहिलेच गेले नाहीत, त्यामुळे आता काही परत मिळणार नाही.

आता खालच्या कॉमेंट बघा. त्याही बंद असतील तर व्हिडिओ "मुलांसाठी बनवलेला" म्हणून मार्क झालाय का, ते तपासा. तसं मार्क केलं की यूट्यूब कॉमेंट आणि लाइव्ह चॅट दोन्ही बंद करतं. दुकानाच्या व्हिडिओला ही खूण चुकून लागू शकते.

मेसेज आले होते, पण रिप्ले नाही? मग स्टुडिओत जा. Content मध्ये Live टॅब उघडा, व्हिडिओवर क्लिक करा आणि Show more दाबून खाली या. लाइव्ह चॅट रिप्लेची टिक निघालेली असेल तर ती लावून Save करा. लाइव्ह आत्ताच संपलं असेल तर थोडं थांबा. व्हिडिओ पूर्ण तयार झाल्यावरच रिप्ले येतो.

माझ्याकडे टिक होती. मग चूक कुठे? सुरुवातीची ६ मिनिटं कॅमेरा हलत होता, म्हणून मी स्टुडिओच्या एडिटरमध्ये तेवढा भाग कापला होता. चॅट रिप्ले व्हिडिओच्या वेळेला बांधलेला असतो. १० व्या मिनिटाचा मेसेज १० व्या मिनिटालाच दिसतो. व्हिडिओ कापला की हे गणित बिघडतं आणि रिप्ले दिसत नाही.

त्या दिवशी वहीत लिहिलेल्या ३ ऑर्डरच हाती राहिल्या. आता मी आधी रिप्ले बघून सगळ्या ऑर्डर उतरवतो आणि मगच कापाकापी करतो. शिवाय लाइव्ह चालू असताना दुकानातला एक जण दुसऱ्या मोबाइलवर चॅट बघत नाव आणि साडीचा नंबर वहीत लिहीत बसतो.