दाढ दुखतेय, कॅप हवीय. मग डॉक्टर आधी हिरड्या का साफ करतात?

बेलवलीत राहणारा, 48 वर्षांचा एक रुग्ण. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत असे रुग्ण रोज येतात. बदलापूरहून लोकलने साधारण दीड तास प्रवास करून तो सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात पोहोचतो. उजवी वरची दाढ रात्रभर ठणकतेय. डावीकडची खालची पहिली दाढ पूर्वीच काढलेली आहे. ब्रश करताना रक्त येतं, तंबाखूची सवय आहे. त्याची मागणी एकच: "दुखणं थांबवा आणि डावीकडे ब्रिज बसवून द्या."

त्याला तपासणाऱ्या विद्यार्थ्याला तीन-चार कामं समोर दिसतात. प्रश्न हा की सुरुवात कुठून करायची?

पहिला टप्पा: आजचं दुखणं

थंड पाणी लागल्यावर उठलेली कळ बराच वेळ राहते, आडवं झाल्यावर वाढते. याचा अर्थ दाताच्या आतल्या नसेचा दाह बहुधा परतण्याच्या पलीकडे गेलाय. एक्स-रे काढून, बधीर करून दाढ उघडायची, नस काढायची आणि वर तात्पुरतं सिमेंट भरायचं. नुसत्या अँटिबायोटिकने ही कळ थांबत नाही.

चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड न उघडणं किंवा गिळायला त्रास असेल तर मात्र रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवावं लागतं.

याच दिवशी रक्तदाब आणि साखरही तपासायची. या रुग्णाचं एचबीएवनसी 8.9 निघालं, म्हणजे मधुमेह आटोक्यात नाही. त्याला फिजिशियनकडे पाठवलं जातं.

दुसरा टप्पा: आजार थांबवणं

इथे नवीन दात बसवायचे नसतात, असलेले वाचवायचे असतात. हिरड्यांच्या वरचा आणि खालचा टार्टर काढला जातो. किडलेले दात साफ करून भरले जातात. उघडलेल्या दाढेचं रूट कॅनल पूर्ण होतं. तंबाखू सोडण्याबद्दल आणि ब्रश कसा करायचा याबद्दल बोलणं होतं.

दात आणि हिरडी यांच्यातली फट मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवतात. 1 ते 3 मिमी म्हणजे ठीक. आपल्या रुग्णाच्या बऱ्याच दातांभोवती ती 5 मिमी होती, तर डावीकडच्या खालच्या दुसऱ्या दाढेपाशी 7.

मग सहा ते आठ आठवडे थांबायचं

विद्यार्थ्यांकडून बहुतेकदा हीच पायरी गळते. हिरड्या बऱ्या व्हायला वेळ लागतो, म्हणून त्याआधी केलेलं मोजमाप फसवं ठरतं. सूज उतरली की हिरडी थोडी खाली सरकते. आधीच कॅप बसवली असेल तर तिची कड उघडी पडते. शिवाय रक्त येणाऱ्या हिरडीजवळ दाताचं मापही नीट येत नाही.

आठ आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावर बहुतेक ठिकाणची फट 3 मिमीवर आली. पण ती डावी दुसरी दाढ अजून 6 मिमीवर आहे, रक्त येतं आणि दाढ हलते.

ब्रिजचा एक खांब हीच दाढ होणार होती. पहिल्याच दिवशी रुग्णाचं ऐकून ब्रिज केला असता, तर पुढचा चांगला दात घासला गेला असता आणि काही काळाने मागची दाढ सैल होऊन सगळं काम वाया गेलं असतं.

तिसरा टप्पा: कायमचं काम

आता योजना बदलते. ब्रिज रद्द. सध्या काढता-घालता येणारी अर्धी कवळी, आणि साखर आटोक्यात आली, तंबाखू सुटली तर पुढे इम्प्लांटचा विचार. हलणाऱ्या दाढेवर हिरडीच्या तज्ज्ञांचं मत घ्यायचं.

उजव्या दाढेवर कॅप मात्र लवकर हवी, कारण रूट कॅनल झालेली दाढ चावताना फुटू शकते. म्हणून तिला दुसऱ्या टप्प्यातच पक्कं फिलिंग आणि तात्पुरती कॅप दिली जाते. म्हणजे टप्पे पक्क्या भिंतींसारखे नसतात, गरजेनुसार एखादं काम अलीकडे घ्यावं लागतं.

ते ठरवायला विद्यार्थ्याने प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारावेत. हे आज केलं नाही तर काय बिघडेल? आणि आज केलं, पण पुढे हिरडी किंवा साखर सुधारली नाही, तर हे फुकट जाईल का?

चौथा टप्पा: देखभाल

"सहा महिन्यांनी या" हे सगळ्यांना लागू होत नाही. हिरड्यांचा आजार झालेल्या, मधुमेही रुग्णाला सुरुवातीला दर तीन महिन्यांनी बोलावतात. फट पुन्हा मोजतात आणि आधीच्या नोंदीशी ताडतात. 3 चे 5 झाले किंवा पुन्हा रक्त येऊ लागलं, तर तेवढ्या भागापुरता दुसरा टप्पा परत सुरू होतो.

दर फेरीला रुग्णाचा एक दिवसाचा रोजगार बुडू शकतो. म्हणून एका बाजूची फिलिंग आणि सफाई एकाच भेटीत उरकणं, आणि किती फेऱ्या लागतील हे पहिल्याच दिवशी सांगणं, हाही या योजनेचाच भाग. नाहीतर दुखणं थांबलं की रुग्ण परत येत नाही, आणि पुढचे तीनही टप्पे केस पेपरवरच राहतात.